महारोहिणी झडपेची गळती

महारोहिणी झडपेची गळती : हृदयाचे डावे निलय, म्हणजे शरीराकडे रक्त फेकणारा कप्पा, आणि ते रक्त वाहून नेणारी सर्वांत मोठी रोहिणी, म्हणजे महारोहिणी, यांच्यामधील झडप नीट न मिटल्यामुळे, महारोहिणीत गेलेले रक्त हृदय सैल पडताच पुन्हा निलयात परतण्याची विकृती. डॉक्टरांच्या बोलण्यात हिला ‘ॲऑर्टिक रिगर्जिटेशन’ किंवा नुसते ‘ए. आर.’ म्हणतात, रुग्णाच्या तोंडी बहुधा ‘व्हॉल्व्ह लीक आहे’ एवढेच असते. झडपेच्या तीन पाकळ्या आक्रसतात, फाटतात किंवा जन्मतः दोनच असतात तेव्हा ती गळते. पाकळ्या शाबूत असूनही महारोहिणीचे मूळ रुंदावले, तर त्या मध्यभागी एकमेकींना पोहोचत नाहीत आणि तेव्हाही ती गळते. भारतात तरुण वयातील गळतीमागे लहानपणी येऊन गेलेला ऱ्हुमॅटिक ताप हे अजूनही महत्त्वाचे कारण आहे. याखेरीज झडपेचा जंतुसंसर्ग, शरीरातील आधार देणारे ऊतक जन्मतः कमकुवत असण्याचा मार्फान विकार आणि महारोहिणीची भित्ती चिरणे ही कारणे ध्यानात ठेवावी लागतात.

गळती हळूहळू वाढत गेली, तर निलय तिच्याशी कित्येक वर्षे जुळवून घेते. मध्यम बांध्याच्या पुरुषाचे उदाहरण घेऊ. शरीराला दर ठोक्यास सुमारे ६५ मिलिलिटर रक्त हवे आहे आणि बाहेर फेकलेल्या रक्तापैकी निम्मे परत येत आहे. मग निलयाला दर वेळी १३० मिलिलिटर फेकावे लागते. त्यासाठी ते ताणून २०० मिलिलिटर मावेल एवढे मोठे होते, १३० फेकते आणि ७० आत उरते. फेकलेल्या रक्ताचे प्रमाण, ज्याला ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ म्हणतात, ते ६५ टक्के भरते. शरीराला काहीच कमी पडत नाही, आणि म्हणून रुग्णालाही काही जाणवत नाही. उलट धावताना नाडी वाढली की दोन ठोक्यांमधला विसावा आखडतो आणि गळायला वेळच कमी मिळतो. त्यामुळे तीव्र गळती असलेला तरुण मैदानावर इतरांच्या बरोबरीने खेळू शकतो. रात्री आडवे झाल्यावर मात्र छातीत घण पडल्यासारखे ठोके जाणवतात, आणि बऱ्याच जणांची पहिली तक्रार तीच असते.

या जुळवणुकीची खूण रक्तदाबात उमटते. मोठ्या फेकीमुळे वरचा दाब चढतो. खालचा दाब दोन कारणांनी कोसळतो : महारोहिणीतले रक्त पुढे शरीराकडे वाहून जाते तसेच मागे निलयातही उतरते, आणि हातापायांतील बारीक रोहिण्याही सैलावलेल्या असतात. वरच्या आणि खालच्या दाबांतील फरकाला नाडीदाब म्हणतात. निरोगी माणसात तो ४० मिमी. पाऱ्याच्या आसपास असतो. इथे १६०/५० अशी नोंद, म्हणजे ११० चा नाडीदाब, नवलाची नाही. दाब मोजताना एक अडचण येते. पट्ट्यातील हवा पुरती सोडली तरी स्टेथोस्कोपमधला ठोका शून्यापर्यंत ऐकू येत राहतो. अशा वेळी खालचा दाब ‘शून्य’ असे लिहून न टाकता, ठणठणीत ठोका जिथे बोथट होतो तो आकडा घ्यावा. तीव्र गळतीतील कमी खालचा दाब हृदयालाही जाचतो, कारण हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्या बहुतांशी विसाव्याच्या काळातच भरतात. या रोहिण्यांत अडथळा नसतानाही छातीत दुखू शकते ते यामुळे.

रुग्णाच्या खाटेपाशी दिसणाऱ्या खुणांची मोठी वंशावळ याच नाडीदाबातून निघाली आहे. डब्लिनचे डॉमिनिक कॉरिगन यांनी १८३२ मध्ये मानेतील रोहिण्यांचे डोळ्यांना दिसणारे उसळणे वर्णन केले आणि त्याचा संबंध झडपेच्या अपुरेपणाशी जोडला. हाताला जाणवणारी नाडी पाहायची तर रुग्णाचे मनगट तळव्याने वेढून धरावे आणि हात त्याच्या डोक्यावर उचलावा : ठोका तळव्यावर थाडकन आदळतो आणि त्याच क्षणी हाताखालून ओसरून जातो. बोटांच्या टोकांपेक्षा तळव्याला ही गोष्ट अधिक चांगली कळते. नखाच्या टोकावर हलके दाबले असता पांढऱ्या-गुलाबी भागांची सीमा दर ठोक्यास मागेपुढे सरकते, ही क्विंके यांची खूण. मांडीच्या रोहिणीवर स्टेथोस्कोप किंचित दाबून धरल्यास जाणारे व परतणारे असे दोन घर्घर आवाज ऐकू येतात, ही द्युरोझिए यांची. दर ठोक्यास मान डुलणे या खुणेला तर फ्रेंच कवी आल्फ्रेद द म्यूसे यांचे नाव मिळाले आहे. रुग्णाच्या नावाने ओळखली जाणारी खूण म्हणून ती वेगळी.

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षेत ही नावे धडाधड म्हणून दाखवण्याची प्रथा असली, तरी निदानात त्यांचे वजन मर्यादित आहे. नखातील सीमेचे हलणे गरम पाण्यात हात बुडवलेल्या निरोगी माणसातही दिसते. रुंद नाडीदाब ताप, रक्तक्षय, थायरॉइडचा अतिरेक, गर्भावस्था यांतही आढळतो आणि उतारवयात कडक झालेल्या रोहिण्यांमुळे तर सर्रास आढळतो. म्हणून निर्णायक ठरतो तो आवाज. रुग्णाला बसवून पुढे झुकवावे, श्वास पूर्ण सोडून रोखायला सांगावा आणि स्टेथोस्कोपची पडद्याची बाजू छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला, तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या अंतरात घट्ट दाबावी. झडप मिटतानाच्या, हृदयाच्या दुसऱ्या ध्वनीला लागूनच फुंकर मारल्यासारखा, चढ्या पट्टीतून विरत जाणारा आवाज ऐकू येतो. दीर्घकालीन गळतीत तो किती मोठा आहे यापेक्षा किती वेळ टिकतो याला अधिक अर्थ असतो.

गळती अचानक उद्भवली, उदाहरणार्थ जंतुसंसर्गाने पाकळी फाटली किंवा महारोहिणी चिरली, तर वरील बहुतेक खुणा गायब असतात आणि नेमका इथेच घात होतो. निलयाला ताणायला वेळ मिळालेला नसतो. आतला दाब झपाट्याने चढून महारोहिणीच्या दाबाला भिडतो, त्यामुळे परतीचा प्रवाह लवकर थांबतो आणि आवाज तोकडा, मंद होतो. नाडीदाब रुंद नसतो. रुग्ण मात्र धापा टाकत असतो, फुप्फुसांत पाणी साचलेले असते आणि नाडी धावत असते. ही नाडी औषधाने मंदावणे धोक्याचे, कारण विसावा लांबला की गळती वाढते; महारोहिणीत फुगा घालून आधार देण्याचा उपायही निषिद्ध, कारण विसाव्याच्या काळात फुगणारा फुगा रक्त मागेच ढकलतो. इथे तातडीची शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो.

दीर्घकालीन गळतीत खरा प्रश्न केव्हा शस्त्रक्रिया करायची हा आहे. दम लागू लागला, छातीत दुखू लागले किंवा रात्री धाप लागून जाग येऊ लागली आणि गळती तीव्र असली, तर वाद उरत नाही. कठीण असतो तो तक्रार नसलेला रुग्ण. वर घेतलेल्या पुरुषाकडे काही वर्षांनी पुन्हा पाहू. निलय आता २४० मिलिलिटरचे झाले आहे, १३२ फेकते आणि त्यातले निम्मे, म्हणजे ६६, शरीराला पोहोचते. शरीराला मिळणारे रक्त बदललेले नाही, फेकीचे प्रमाण ५५ टक्के आहे, आणि अहवालावर बहुधा ‘नॉर्मल’ असाच शेरा पडतो. बदलले आहे ते आकुंचनानंतर आत उरलेले रक्त : ७० वरून १०८. भरलेल्या निलयाचा आकार गळतीच्या ओझ्याने वाढतो, पण रिकामे झालेल्या निलयाचा आकार स्नायूची ताकद कमी झाल्याचे अधिक थेट सांगतो. म्हणूनच टू-डी एकोच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी केलेल्या हृदयाच्या तपासणीच्या, अहवालात आकुंचनाच्या अखेरचा व्यास शोधून पाहावा लागतो.

हा व्यास ५५ मिमी.च्या पुढे गेलेल्यांचे शस्त्रक्रियेनंतरही बरे चालत नाही, हे अमेरिकेत १९८० च्या सुमारास झालेल्या अभ्यासांतून पुढे आले. पुढे मर्यादा अलीकडे सरकत गेली. सध्याच्या मार्गदर्शिकांनुसार तीव्र गळती असताना हा व्यास ५० मिमी.हून अधिक होणे, किंवा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे २५ मिमी.हून अधिक भरणे, हा शस्त्रक्रियेचा इशारा मानतात. फेकीच्या प्रमाणाची मर्यादा अमेरिकी मार्गदर्शिकेत ५५ टक्के आणि युरोपीय मार्गदर्शिकेत ५० टक्के आहे.

यातील ‘दर चौरस मीटरमागे’ हे शब्द आपल्याकडच्या रुग्णांसाठी फार मोलाचे आहेत, कारण ५० चा आकडा धिप्पाड शरीरांवर बेतलेला आहे. समजा, एखाद्या बेचाळीस वर्षांच्या बाईंची उंची १५० सेंमी. आणि वजन ४८ किलो आहे. या दोहोंच्या गुणाकाराला ३६०० ने भागून वर्गमूळ काढले की शरीराचा पृष्ठभाग सुमारे १.४१ चौरस मीटर येतो. रक्तदाब १५०/५०, गळती तीव्र, तक्रार नाही. आकुंचनाअखेरचा व्यास दोन वर्षांपूर्वी ३२ मिमी. होता, गेल्या वर्षी ३४ आणि आता ३७. फेकीचे प्रमाण ५७ टक्के. नुसता ३७ पाहिला तर ५० पासून तो फार लांब वाटतो. पण १.४१ ने भागल्यावर तेच आकडे २२.७, २४.१ आणि २६.२ होतात, आणि बाई मर्यादा ओलांडून गेलेल्या असतात. तरीही एकाच मोजमापावर ऑपरेशन ठरवू नये, कारण एकोमध्ये दोन-तीन मिमी.ची चूक सहज होते. काही आठवड्यांत, शक्यतो त्याच हाताने, पुन्हा मोजावे आणि शंका राहिल्यास हृदयाचा एमआरआय करावा. ट्रेडमिलवर चालवून पाहणेही उपयोगी पडते. पायऱ्या टाळण्याची सवय हळूहळू लागलेली असली, तर ‘मला काही त्रास नाही’ हे उत्तर प्रामाणिक असूनही चुकीचे असू शकते.

देखरेखीत आणखी एक फसगत संभवते. स्नायू थकला की फेक कमी होते आणि रुंद नाडीदाब पुन्हा आकसतो. १६०/५० चे १२५/६५ झाले म्हणजे सुधारणा झाली असे समजून बसू नये. रक्तदाब जास्त असल्यास औषधे जरूर द्यावीत, मात्र तक्रार नसलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया औषधांनी लांबवता येईल या आशेला आधार मिळालेला नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निफेडिपीन आणि एनलाप्रिल या रक्तदाब उतरवणाऱ्या दोन्ही औषधांनी तसे काही साधले नाही.

शस्त्रक्रियेत सहसा झडप बदलतात. निवडक रुग्णांत ती दुरुस्तही करता येते. महारोहिणीचे मूळ फुगलेले असेल तर तेही बदलावे लागते. धातूची झडप टिकते, पण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. प्राण्यांच्या ऊतकांपासून केलेल्या झडपेला ते बंधन नाही, मात्र तरुणांत ती लवकर झिजते. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीबाबत हा निर्णय सर्वांत अवघड होतो. मांडीतून नळीने झडप बसवण्याची पद्धत शुद्ध गळतीत तितकीशी सोपी नाही, कारण नव्या झडपेला पकड देणारा चुन्याचा थर इथे बहुधा नसतो.

शस्त्रक्रिया वेळेत झाली असेल तर खालचा दाब लगेच वर येतो आणि निलयाच्या भरलेल्या व्यासात होणारी घट बहुतांशी पहिल्या दोन आठवड्यांतच दिसते. त्या मुदतीत केलेल्या एकोमध्ये निलय जेमतेमच आक्रसलेले आढळले, तर स्नायूची इजा शस्त्रक्रियेपूर्वीच होऊन गेली होती असे समजावे आणि अशा रुग्णाला हृदयाच्या अशक्तपणाची औषधे पुढेही चालू ठेवावीत.