चॅटमधला नुसता ‘हॅलो’ : पानावरून विषयाचा अंदाज

ग्राहकाने संकेतस्थळावरच्या चॅटमध्ये फक्त ‘हॅलो’ किंवा ‘नमस्कार’ लिहिले, की त्याने चॅट कोणत्या पानावरून उघडले ते पाहून चौकशीचा विषय ताडण्याची पद्धत. गोव्यात ती हॉटेले, टॅक्सी आणि भाड्याच्या गाड्या यांच्या चौकशीत उपयोगी पडू शकते.

पानाचा पत्ता ब्राउझर विनंतीसोबत पाठवतो त्या `Referer` या शीर्षलेखातून मिळेल, असे वाटू शकते. १९९६ च्या `HTTP/1.0` दस्तऐवजात त्याची नोंद आहे. पण पत्ता त्यातून मिळतो, हे अर्धेच खरे. नवे पान उघडताना तो मागच्या पानाचा पत्ता देतो; चॅटची चौकट त्या पानात भरली जाते तेव्हा मात्र ज्या पानात ती बसते त्याचा. चॅट पुरवणारी सेवा दुसऱ्या डोमेनवर असली, तर क्रोमने २०२० पासून व फायरफॉक्सने २०२१ पासून तिला, वेगळी सूचना नसेल तर, फक्त डोमेनचे नाव देणे सुरू केले. त्यामुळे पूर्ण पत्ता मूळ पानानेच चौकटीला ब्राउझरच्या `postMessage` या सोयीने कळवावा लागतो. हा मार्ग अधिक भरवशाचा.

पत्ता केव्हा वाचला, यावर बरेच अवलंबून असते. समजा, दाबोळीला उतरणारा प्रवासी ‘गोवा विमानतळ टॅक्सी’ असे शोधून `/taxi/mopa-kankon` या पानावर येतो, मग `/taxi/dabolim-kankon` वर जातो आणि तिथून ‘हॅलो’ लिहितो. पूर्ण पान नव्याने न भरणाऱ्या संकेतस्थळावर चॅटने पहिलाच पत्ता धरून ठेवला, तर कर्मचाऱ्याला मोपा दिसते. गोव्यात विमानतळ दोन: मोपा उत्तरेला पेडण्यात, दाबोळी वास्कोजवळ. गाडी भलत्याच टोकाला जाते. म्हणून चॅटचे बटण दाबल्याच्या क्षणी, चौकटीत नव्हे तर मूळ पानात, पत्ता वाचणे बरे:

```
const path = window.location.pathname;
```

`pathname` मध्ये प्रश्नचिन्हानंतरचा भाग येत नाही, त्यामुळे त्यात ग्राहकाचा फोन किंवा ईमेल असला तरी तो पुढे जात नाही. मात्र तारीखही तिथेच असेल, तर तीही वगळली जाते. चूक तपासायला दोन दुवे दाबून तिसऱ्या पानावर चॅट उघडावे आणि कर्मचाऱ्याच्या पडद्यावर कोणते पान दिसते ते पाहावे.

अंदाज उत्तरात प्रश्नाच्या रूपातच यावा: ‘नमस्कार. दाबोळीहून काणकोणला गाडी हवी आहे का? की दुसरं काही विचारायचं होतं?’ ‘तुमची दाबोळीची गाडी’ असे ठोकून दिले, तर घाईतला ग्राहक ‘हो’ म्हणून मोकळा होतो आणि चूक विमान उतरल्यावर कळते. मुखपृष्ठावरून वा ‘संपर्क’ पानावरून आलेल्या ‘हॅलो’ला तर्क लढवू नये, सरळ विचारावे. पान मराठीत असले म्हणून ग्राहक मराठीच बोलेल, असेही नाही. कोकणीत उत्तर आले तर कोकणीतच पुढे जावे.

व्हॉट्सॲपवर पानाचा पत्ता आपोआप जात नाही. त्यासाठी `wa.me` दुव्याच्या `text=` मध्ये ‘दाबोळी ते काणकोण गाडीबद्दल’ असा मजकूर आधीच भरून ठेवतात. ग्राहक तो खोडू शकतो.