क्लिकच नाहीत, तर क्रमांक कुठला?

म्हापशातल्या एखाद्या ऑनलाइन दुकानाची कल्पना करा. 'आंबा' असे शोधले की वर्षभर विकली जाणारी आंबापोळी वर येते, कारण तिच्या नावावर हजारो क्लिक जमलेले असतात. एप्रिलमध्ये नव्याने चढवलेला मानकुराद मात्र नवव्या क्रमांकावर पडून राहतो. गोव्यात मानकुरादाला गिऱ्हाईक नाही असे कोण म्हणेल? पण यंत्रणेला गिऱ्हाईक दिसते ते क्लिकमधून, आणि पाऊस सुरू झाला की हंगामच संपतो. ती शिकेपर्यंत माल गेलेला असतो.

क्लिकवरून क्रमवारी शिकवण्याची वाट 2002 मध्ये थॉर्स्टन योआकिम्स यांच्या शोधनिबंधाने रुळवली. वरचा निकाल सोडून कोणी खालच्यावर क्लिक केले, तर खालचा अधिक पसंत पडला, असे धरून मॉडेलला धडे द्यायचे. त्याच वर्षी शाइन आणि सहकाऱ्यांनी शिफारस यंत्रणांमधली कोरी पाटी तपासली. एकाही प्रेक्षकाने मत न दिलेला चित्रपट कोणाला सुचवायचा? त्यांनी त्यातल्या कलाकारांची माहिती वापरून अंदाज बांधला. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रिचर्डसन, डॉमिनोव्स्का आणि रॅग्नो यांनी नव्या जाहिरातींसाठी तीच दिशा धरली. जाहिरातीचा मजकूर आणि तिचे इतर गुण पाहून, क्लिक येण्याआधीच क्लिकचे प्रमाण वर्तवायचे.

मॉडेलमध्ये बारीक घोळ होतो तो शून्याचा. क्लिकची संख्या हा वस्तूचा एक गुण म्हणून मॉडेलला दिला, की 'अजून दाखवलेच नाही' आणि 'दाखवले, पण कोणी ढुंकून पाहिले नाही' या दोन्ही ठिकाणी शून्यच बसते. दुसऱ्या प्रकारच्या वस्तू बऱ्याचदा खरोखर नावडत्या असतात, आणि त्यांची शिक्षा मॉडेल पहिल्यांना देते. म्हणून न दाखवलेल्या वस्तूसाठी 'माहिती नाही' अशी वेगळी खूण ठेवावी लागते. 2017 च्या 'ड्रॉपआउटनेट' या कामात तर शिकवतानाच मुद्दाम काही वेळा जुन्या पसंतीची माहिती लपवली, म्हणजे मॉडेलला वस्तूच्या गुणांवर विसंबण्याची सवय लागते.

दाखवले म्हणजे पाहिले असेही नाही. 2005 मध्ये योआकिम्स आणि सहकाऱ्यांनी वाचकांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा डोळे बहुतेक वरच्या निकालांवरच रेंगाळतात हे दिसले. आपल्या उदाहरणात हे मोजून पाहू. समजा आंब्याच्या मालावर सरासरी 5 टक्के क्लिक येतात. मग मानकुरादला आरंभी 100 वेळा पाहून 5 क्लिक मिळाले, असे उसने भांडवल द्यायचे. तो नवव्या जागी 200 वेळा दाखवला गेला आणि क्लिक शून्य. सरळ हिशेबाने 300 मध्ये 5, म्हणजे 1.7 टक्के, आणि माल बुडाला. पण त्या जागेवर दहापैकी एकाचीच नजर जात असेल, तर खरे पाहणे 20 वेळाच झाले. 120 मध्ये 5 म्हणजे 4.2 टक्के. अजून काहीच ठरलेले नाही.

पुढचा प्रश्न उरतो तो नव्या वस्तूला किती संधी द्यायची याचा. त्याची मुळे 1933 इतकी जुनी आहेत. दोन औषधोपचारांपैकी कोणता बरा हे ठरेपर्यंत रुग्णांची वाटणी कशी करावी, यावर विल्यम थॉम्पसन यांनी सुचवले की ज्या उपचाराचे सरस असणे जितके संभवनीय, तितक्या प्रमाणात तो द्यावा. वेबवर ही दिशा ठळक झाली ती 2010 मध्ये. याहूच्या मुखपृष्ठावरच्या बातम्या सतत बदलत असत, म्हणजे आपल्या आंब्यासारखाच अल्पायुषी माल. तिथे ली आणि सहकाऱ्यांनी अंदाजाला अनिश्चिततेची जोड दिली: जिच्याबद्दल कमी माहिती, तिला थोडा वरचा गुण. त्याच्याच पुढच्या वर्षी शापेल आणि ली यांनी थॉम्पसनची पद्धत नव्याने तपासून ती चांगली चालते असे दाखवले.

आंबापोळीचे 4000 वेळा पाहण्यात 240 क्लिक आहेत, म्हणजे 6 टक्के, आणि तो आकडा फारसा हलत नाही. मानकुरादचा आरंभीचा अंदाज 5 टक्के असला, तरी तो सुमारे 2 टक्क्यांनी खालीवर होऊ शकतो. थॉम्पसनच्या पद्धतीने दर शोधाला दोन्ही अंदाजांच्या पल्ल्यातून चिठ्ठी काढल्यासारखा एकेक आकडा उचलला आणि मोठा आकडा वर ठेवला, तर मानकुराद चारपैकी एकाहून थोड्या जास्त वेळा वर येतो. क्लिक आले तर टिकतो, नाही आले तर आपोआप मागे सरतो.

याची किंमत आंबापोळीचा विक्रेता मोजतो, म्हणून नव्या मालाला पहिल्या पानावर एखादीच जागा देण्याची मर्यादा घालतात. उसने भांडवलही जपून ठरवावे लागते. 100 ऐवजी 5000 धरले, तर हंगामभराचे क्लिक त्याला हलवू शकणार नाहीत. 2 धरले, तर एका चुकीच्या क्लिकने वस्तू डोक्यावर बसेल. उपाय लागू पडतो का, हे एकूण क्लिकच्या सरासरीत दिसत नाही, कारण नव्या वस्तूंचा त्यातला वाटा नगण्य असतो. वस्तू चढवल्यापासूनच्या आठवड्यांप्रमाणे गट पाडून, जागेचा हिशेब धरलेले क्लिकचे प्रमाण पाहावे लागते. पहिल्या आठवड्यात तळाशी असलेल्या वस्तू पुढे सरासरीच्या वर जात असतील, तर यंत्रणा त्यांना उगीच दाबून ठेवत होती.