निदानोत्तर पालकशोक

मुलाला कायमस्वरूपी अपंगत्व किंवा विकासात्मक अवस्था असल्याचे निदान झाल्यानंतर आईवडील ज्या भावनिक स्थित्यंतरांतून जातात, त्यांना उद्देशून ही संज्ञा वापरली जाते. धक्का, नकार, राग व दुःख आणि शेवटी स्वीकार अशी तिची रूढ मांडणी आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) विचार केला आहे, कारण रूढ मांडणी सर्वांत जास्त अडखळते ती तिथेच.

संकल्पनेचा उगम. टप्प्यांची ही कल्पना एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या ग्रंथातून आली असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे मानावे लागते. क्युब्लर-रॉस यांचे काम मरणासन्न रुग्णांवर होते, अपंग मुलांच्या पालकांवर नव्हते. पालकांच्या बाबतीत शोकाची भाषा त्याआधी, १९६१ मध्ये, ॲल्बर्ट सॉल्निट व मेरी स्टार्क यांनी वापरली होती. गरोदरपणात आईच्या मनात एक मूल आकार घेत असते. जन्मलेले मूल त्याहून फार वेगळे निघाले की मनातले मूल गमावल्याचा शोक होतो, आणि तो पुरा झाल्याशिवाय समोरच्या मुलाशी नाते जुळत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मांडणीचे मूळ फ्रॉइडच्या शोकविषयक लेखनात आहे.

पुढच्याच वर्षी सायमन ओल्शान्स्की यांनी वेगळी बाजू मांडली. मतिमंद मुलांच्या पालकांबरोबर काम करताना त्यांना दिसले की हे दुःख सरत नाही. ते आयुष्यभर कमीजास्त होत राहते. त्याला त्यांनी ‘चिरशोक’ या अर्थाचे नाव दिले. तो आजार नसून स्वाभाविक प्रतिसाद आहे, आणि ‘आता स्वीकारा’ असा तगादा लावणारे व्यावसायिक पालकांवर अन्याय करतात, असे त्यांचे म्हणणे होते.

टप्प्यांची आज प्रचलित असलेली यादी मात्र डेनिस ड्रोटार व सहकाऱ्यांच्या १९७५ च्या निबंधातून आली. जन्मजात व्यंग असलेल्या २० मुलांच्या पालकांच्या मुलाखती हा तिचा आधार. मुलाखत देणाऱ्यांत माता २० व पिते अवघे ५ होते. त्यांच्या आकृतीत धक्का, नकार, दुःख-राग-चिंता, समतोल आणि पुनर्रचना हे वक्र एकमेकांवर चढलेले दिसतात. पाठ्यपुस्तकांत येईपर्यंत त्या वक्रांची शिडी झाली, आणि पालक ‘कोणत्या पायरीवर अडकले आहेत’ असे विचारण्याची पद्धत पडली. १९८४ मध्ये जॅन ब्लॅचर यांनी उपलब्ध अभ्यास तपासून असा प्रश्न केला, की हे टप्पे पालकांच्या मनात आहेत की अभ्यासकांच्या पद्धतीत. लिन विक्लर व सहकाऱ्यांच्या १९८१ च्या पाहणीने ओल्शान्स्कींची बाजू बळकट केली. समाजकार्यकर्ते सुरुवातीच्या काळातले दुःख वाढवून धरतात व नंतरच्या वर्षांतले कमी लेखतात, असे त्यात दिसले. एकंदरीत ओल्शान्स्कींचे वर्णन पालकांच्या अनुभवाला अधिक जवळचे वाटते.

स्वमग्नतेतील वेगळेपण. डाउन सिंड्रोमचे निदान बहुधा जन्मानंतर लवकर होते आणि गुणसूत्रांच्या तपासणीने पक्के होते. स्वमग्नतेला अशी रक्तचाचणी नाही. निदान वागणुकीच्या निरीक्षणावरून, साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर होते. मूल दिसायला इतरांसारखेच असते आणि काही मुले बोलायला लागून मग शब्द गमावतात. त्यामुळे येथे नकाराला पुरावे मिळत राहतात. ‘याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते’ हे आजीचे वाक्य खोटे असेलच असे नाही. अशा नकाराला केवळ मनाचा दुबळेपणा म्हणणे योग्य नव्हे. मात्र त्यात थेरपीचे महिने वाया जातात.

दोषारोपाचाही येथे जुना इतिहास आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी या अवस्थेचे वर्णन केल्यानंतर आईच्या थंडपणामुळे ती होते हा समज काही दशके चालला. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने त्यावर सविस्तर आघात केला. ते स्वतः स्वमग्न मुलाचे वडील होते. महाराष्ट्रात आरोपाचे रूप बदलते, रोख बहुधा आईवरच राहतो: तिची नोकरी, मुलाच्या हाती दिलेला मोबाइल, ग्रहणात न पाळलेले काही.

एक नमुना. पुढील उदाहरण रचलेले आहे, पण त्यातले वळण परिचित आहे. तीन वर्षांच्या मुलाला नावाने हाक मारल्यास तो वळून पाहत नाही, म्हणून प्रथम कान तपासले जातात. कान ठीक निघाल्यावर घरात हायसे वाटते आणि सहा महिने जातात. पुढे ‘इसा’ या भारतीय मापनश्रेणीवर मूल्यमापन होते. तिच्यात ४० बाबी असून ७० किंवा अधिक गुण स्वमग्नता दर्शवतात. मुलाला ११२ मिळतात, म्हणजे मध्यम. वडील त्या आकड्याला रक्तातल्या साखरेसारखे धरतात व दर तीन महिन्यांनी ‘किती उतरला?’ असे विचारतात. आई थेरपिस्टकडे धावते, व्यायामांच्या वह्या भरते. ती रडत नाही म्हणून तिने स्वीकारले असे सगळे समजतात. पहिलीच्या प्रवेशाला शाळेने नकार दिला की ती कोसळते, आणि वडिलांना प्रथमच तिच्याशी बोलावे लागते. टप्प्यांच्या शिडीने पाहिल्यास ही घसरण ठरते, चिरशोकाच्या दृष्टीने हे अपेक्षित आवर्तन. अशी आवर्तने पुढेही येतात: धाकट्या चुलतभावाने बोलण्यात मागे टाकल्यावर, वयात येताना, आणि ‘आमच्यामागे याचे काय’ हा प्रश्न पडल्यावर. त्या शेवटच्या प्रश्नाला कायदेशीर पालकत्वाच्या तरतुदीतून अंशतः उत्तर देणारा राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे.

समदुःखी पालकांचा आधार. पालकांनी पालकांना धरून उभे करण्याची संघटित पद्धत १९७१ मध्ये अमेरिकेतील ओमाहा येथे ‘पायलट पेरेंट्स’ या उपक्रमाने रुजवली असे सामान्यतः मानतात. पालकसंघटना मात्र त्याहून जुन्या आहेत. ब्रिटनमधील स्वमग्नताविषयक संस्था पालकांनी १९६२ मध्ये स्थापिली. संशोधक लॉर्ना विंग त्या पालकांपैकी एक. भारतात दिल्लीची ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ १९९१ मध्ये मेरी बरुआ या आईने सुरू केली, तर ‘परिवार’ हा पालकसंघटनांचा राष्ट्रीय महासंघ १९९५ चा.

ओमाहाच्या पद्धतीचे मर्म जोडी जुळवण्यात आहे. काही वर्षे पुढे गेलेल्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या पालकाची गाठ नव्या पालकाशी घालून दिली जाते. निदान एकच असणे पुरेसे नसते. मुलाचे वय, तीव्रता आणि घराची रचना जुळावी लागते. न बोलणाऱ्या मुलाच्या आईला सामान्य शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आईशी जोडले, तर तिच्या पदरी आधाराऐवजी तुलना येते. एकत्र कुटुंबातल्या सुनेला सासूशी कसे बोलावे हे स्वतंत्र राहणारी आई सहसा सांगू शकत नाही. जुळलेल्या जोडीत उपयोगी ठरतात त्या बारीक गोष्टी: अपंगत्व प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात कोणत्या वारी जावे, केस कापताना मूल किंचाळते तेव्हा काय करावे, लग्नात न्यावे की नाही.

वडील अशा गटांत कमी दिसतात. ड्रोटार यांच्या मुलाखतींतली विषम संख्या पुढच्या वाङ्मयातही फारशी भरून निघालेली नाही. आजीआजोबांविषयी तर त्याहूनही तुरळक लिहिले गेले आहे.

गटांचा एक धोका अनुभवी कार्यकर्ते नेहमी सांगतात: एकाच्या मुलात झालेला बदल दुसऱ्याला उपचार म्हणून विकला जातो. स्वमग्नतेसाठी मूलपेशींचा महागडा उपचार हे त्याचे ठळक उदाहरण. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही रक्तविकारादी मान्य आजार वगळता तो फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतो, आणि अशा चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. गटात सुचवलेल्या उपचारासाठी लाखांचे पॅकेज सांगितले जात असेल, तर एवढी खूणही पालकाला थांबायला पुरेशी आहे.