घुमणारा आवाज आणि एक वीत

कासारवडवलीला बहिणीच्या फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा आत एक प्लॅस्टिकची खुर्ची, रंगाऱ्यांनी सोडलेली बादली आणि वास्तुशांतीचं सामान एवढंच होतं. सतराव्या मजल्यावर काचा सरकवून बंद केल्या की घोडबंदर रोडची घरघरही आत यायची नाही. भाचीला वाटलं, रेकॉर्डिंगला याहून चांगली जागा कुठली! नौपाड्यातल्या जुन्या घरात कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, शेजारच्यांचा टीव्ही. इथे सगळा शुकशुकाट. तिने आजोबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बेडरूममध्ये खुर्चीवर बसवलं, फोन त्यांच्यापासून दोन फुटांवर बादली पालथी घालून तिच्यावर ठेवला आणि लोकल चालवण्याच्या दिवसांतल्या आठवणी चाळीस मिनिटं बोलत्या केल्या.

रात्री तिचा फोन आला. "मामा, ऐक ना, आजोबा विहिरीत बसून बोलल्यासारखे येतायत. तिथे तर नीट ऐकू येत होतं."

मी आयुष्यभर डबिंगच्या खोल्यांमध्ये आवाज पकडण्याचं काम केलं, त्यामुळे तिच्या दुसऱ्या वाक्यात मला जास्त रस होता. तिथे खरंच नीट ऐकू येत होतं. आपले दोन कान आणि त्यांच्यामागचा मेंदू समोरून येणारा थेट आवाज उचलतात आणि भिंतींवरून मागाहून येणारा बराचसा बाजूला सारतात. पडताळायचं तर रिकाम्या खोलीत कुणाला तरी बोलायला लावा आणि एका कानात बोट घाला. खोली लगेच जास्त घुमायला लागते. फोनचा माइक म्हणजे असाच एक कान, आणि त्याला मेंदू नाही.

लोक याला 'इको' म्हणतात, पण बेडरूममध्ये इको नसतो. शाळेत शिकलेला प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला समोरची भिंत सतरा मीटर तरी लांब हवी. इथे आहे तो निनाद: शेकडो परतीचे आवाज एकमेकांत इतके मिसळलेले की वेगळे मोजता येत नाहीत, नुसती शेपटी लांबते. ही खोली दहा बाय बारा फुटांची, साडेनऊ फूट उंच. एवढ्या जागेत आवाज सेकंदाला दीडशेहून जास्त वेळा कुठे ना कुठे आपटतो. गुळगुळीत प्लॅस्टर, विट्रिफाइड टाइल आणि काच दर धडकेला त्याच्यातले शंभरात जेमतेम चार-पाच भाग खातात, बाकीचे परत पाठवतात. त्यामुळे आवाज दशलक्षांश होईपर्यंत, म्हणजे ६० डेसिबलने उतरेपर्यंत, पावणेदोन सेकंद लागतात. तेवढ्यात माणूस आणखी आठ-दहा अक्षरं बोलून जातो. वडील 'सिग्नल लाल होता' म्हणतात तेव्हा 'होता'वर अजून 'सिग्नल' तरंगत असतो. क, ट, प उच्चारण्याआधी तोंड क्षणभर बंद होतं आणि त्या इवल्याशा शांततेवरून कान व्यंजन ओळखतो. निनाद नेमकी तीच फट बुजवतो. म्हणून आवाज मोठा असूनही शब्द कळत नाहीत.

पावणेदोन सेकंदांचा हा आकडा कागदावर काढता येतो, आणि त्याची वाट हार्वर्डच्या वॉलेस सबाइनने दाखवली. १८९५ मध्ये तिथल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळत नव्हतं. निनाद साडेपाच सेकंद टिकायचा. सबाइन रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. त्यातून निघालेला नियम सोपा आहे: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा आणि खोलीत आवाज शोषणारं जे काही आहे त्याच्या चौरस मीटरने भागा. आपल्या खोलीचं घनफळ ३२. भिंती, छत, फरशी मिळून ६१ चौरस मीटर, पण शोषण्याच्या हिशेबात ते जेमतेम अडीच. बसलेले वडील आणखी अर्धा. भागाकार करा, १.७ सेकंद येतात.

पण रेकॉर्डिंगला याहून कामाचा आकडा दुसराच आहे. तोंडापासून दूर जाल तसा थेट आवाज झपाट्याने घटतो. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने. निनाद मात्र खोलीभर जवळपास सारखाच असतो. म्हणजे कुठेतरी एक अंतर असणारच, जिथे दोन्ही सारखे होतात. ते पार केलं की माइकमध्ये माणसापेक्षा खोली जास्त. या खोलीत ते अंतर येतं २४ सेंटीमीटर. मी भाचीला म्हटलं, अंगठा आणि करंगळी ताण. एक वीत. त्या बेडरूममध्ये आजोबा वीतभरच आहेत, पलीकडे सगळी खोली. माणसाचा आवाज समोरच्या दिशेने थोडा जास्त जातो, म्हणून ही वीत जरा सैल धरली तरी चालेल. पण फोन होता दोन फुटांवर. तिथे खोलीचा आवाज वडिलांच्या आवाजापेक्षा सुमारे ८ डेसिबल वरचढ.

पुन्हा रेकॉर्ड करा, हा सल्ला सोपा होता. पण वडील तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगतात तेव्हा ती निबंध होते. म्हणून आधी आहे त्याच फायलीशी झटापट केली.

भाचीने 'नॉइज रिडक्शन' आधीच वापरून पाहिलं होतं आणि काही झालं नव्हतं. होणारही नाही. ते पंख्यासारखी एकसुरी घरघर ओळखून वजा करतं. निनाद एकसुरी नसतो; तो बोलणाऱ्याच्याच आवाजाची उशिरा आलेली छाया असतो, शब्दागणिक बदलणारी. तिने आणखी एक केलं होतं: बारीक आवाज वर यावा म्हणून कॉम्प्रेसर लावला होता. त्याने शब्द तेवढेच राहिले आणि शेपट्या फुगल्या. मूळ फाइल शिल्लक होती हे नशीब.

मूळ फायलीवर पहिल्यांदा ८० हर्ट्झच्या खालचं कापलं. तिथे वडिलांचा आवाज नव्हताच, नुसती गुणगुण होती. मग ११५ ते १२० हर्ट्झवर ४ डेसिबलची खाच पाडली. ही जागा अंदाजाने निवडली नाही. तीन मीटर रुंदीच्या आणि जवळपास तेवढ्याच उंचीच्या खोलीत नेमक्या याच पट्ट्यात आवाज अडकून फुगतो, आणि पुरुषी आवाजाचा पायाही तिथेच कुठेतरी असतो. 'विहीर' निम्मी यानेच कमी झाली.

त्यानंतर नॉइज गेट, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली उतरला की त्याला दाबणारी सोय. दोन वाक्यांच्या मधली शेपटी दाबायला हा चांगला. पण लोक तिथे संपूर्ण शांतता करून टाकतात आणि मग प्रत्येक वाक्य विहिरीतून वर येऊन झाकण लागल्यासारखं वाटतं. मी दाब १० डेसिबलवरच ठेवला आणि बंद व्हायला २०० मिलिसेकंद दिले, म्हणजे शेपटी तुटत नाही, लवकर विरते. शब्दाच्या आतला निनाद मात्र गेटला दिसतही नाही.

त्यासाठी वेगळी युक्ती लागते. जपानच्या एनटीटी कंपनीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेली पद्धत मला सगळ्यात पटते. तिचा विचार असा: माणूस आत्ता काय बोलेल ते त्याने काही क्षणांपूर्वी काढलेल्या आवाजावरून नेमकं सांगता येत नाही, तोंडाचा आकार तोवर बदललेला असतो. खोली मात्र जुनंच परत परत बोलत असते. म्हणून मागच्या आवाजावरून आत्ताच्या आवाजाचा जेवढा भाग आधीच वर्तवता येतो, तेवढा खोलीचा समजायचा आणि वजा करायचा. दोन किंवा अधिक माइक असतील तर हे फार छान चालतं. आपल्याकडे एकच होता, त्यामुळे फरक पडला, पण माफक.

इथे थांबायचं कधी, हे कळणं अवघड असतं. माझी कसोटी अशी: काय राहिलं यापेक्षा काय काढलं ते ऐका. मूळ फायलीची पोलॅरिटी उलटी करून, म्हणजे लहरीचा वरचा भाग खाली आणि खालचा वर करून, ती सुधारलेल्या फायलीत मिसळा, दोन्ही क्षणाचाही फरक न होता जुळवून. उरेल तो काढलेला माल. त्यात नुसता धूसर घुमारा असेल तर ठीक. त्यात शब्द स्पष्ट ऐकू यायला लागले, तर तुम्ही खोलीबरोबर माणूसही कापताय. मी एकदा पुढे गेलो तेव्हा वडिलांचा 'स' पाण्यात बुडबुडे सोडल्यासारखा झाला. मागे आलो. चाळीसपैकी पंचवीसेक मिनिटं ऐकण्यासारखी झाली. उरलेल्यात वडील बोलता बोलता खिडकीकडे तोंड फिरवत होते. थेट आवाज फोनपर्यंत पोचलाच नव्हता, तर तो परत कुठून आणणार?

पुढच्या भागासाठी सामान नौपाड्याहून आलं: कापसाच्या दोन एकेरी गाद्या आणि तीन जाड गोधड्या. भाची अंड्यांचे ट्रेही आणणार होती. तो पातळ पुठ्ठा बोलण्याच्या आवाजाला जवळपास काही करत नाही, तिला थांबवलं. एक गादी वडिलांच्या पाठीमागे उभी केली, दुसरी फोनच्या मागे. गोधड्या दोरीवर टाकल्या, भिंतीपासून वीतभर पुढे. हे अंतर महत्त्वाचं आहे. भिंतीला चिकटलेली गोधडी फक्त वरचे, शिसणारे स्वर खाते आणि आवाज घुमण्याऐवजी कोंदट होतो. पुढे टांगली की ती आणखी खालचे स्वरही पकडते. अगदी खालचा, ११५ हर्ट्झचा फुगवटा मात्र गोधडीला दाद देत नाही, त्याची खाच नंतर पाडावीच लागली.

गाद्या-गोधड्यांनी हिशेबात साडेपाच-सहा चौरस मीटरची भर पडली. निनाद १.७ सेकंदांवरून ०.६ वर. आणि ते बरोबरीचं अंतर वीतेवरून ४१ सेंटीमीटरवर गेलं, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचा जवळजवळ एक हात. फोन आता तोंडापासून पंधरा सेंटीमीटरवर, ओठांच्या थोडा बाजूला ठेवला, म्हणजे 'फ' आणि 'भ'चा फुंकर थेट माइकवर बसत नाही. दोन फुटांवरून इतकं जवळ आणल्यानेच थेट आवाज १२ डेसिबलने वाढला. गोधड्यांनी निनाद उतरवला तो साडेचार-पाचने. एकच काही जमणार असेल तर आधी फोन जवळ आणा, गोधड्या नंतर.

सुरू करण्याआधी भाचीने टाळी वाजवली. पहिल्या दिवशी त्या टाळीमागे समोरासमोरच्या भिंतींमधून टर्रर्र असा आवाज यायचा. आता नुसती टाळी.

"मला वाफारा घेतल्यासारखं वाटतंय," वडील गाद्यांच्या मधून म्हणाले. पंखा बंद होता. तेही रेकॉर्ड झालं, आणि स्वच्छ झालं.