घर कोणी विकलं? इटालियन वाक्यातला न सांगितलेला कर्ता

इटालियन कथा-कादंबऱ्यांत नेहमी आढळणाऱ्या धाटणीचं एक वाक्य मुद्दाम रचलं आहे: ‘मोर्तो इल पाद्रे, वेन्दुता ला काझा, इ दुए फ्रातेल्ली पार्तिरोनो पेर तोरिनो, नोन आवेन्दो प्यू नेस्सुनो इन पाएझे.’ शब्दाला शब्द ठेवला तर ते असं होतं: मेलेला बाप, विकलेलं घर, दोघे भाऊ निघाले तोरिनोला, गावात आणखी कोणी नसत.

यात पूर्ण क्रियापद एकच आहे, ‘पार्तिरोनो’, म्हणजे निघाले. सुरुवातीचे दोन तुकडे भूतकालवाचक धातुसाधितांवर उभे आहेत आणि शेवटचा ‘-अन्दो, -एन्दो’ प्रत्यय लागून होणाऱ्या, जेरुंदिओ नावाच्या धातुसाधितावर. ही रचना लॅटिनमधून आली. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना ‘गते रामे’ची सति सप्तमी आठवेल. लॅटिनमध्येही अशा तुकड्यातलं नाम आणि धातुसाधित दोन्ही एका ठरावीक विभक्तीत जात. इटालियन नामांच्या विभक्त्या पुढे झडल्या, पण रचना टिकली. आता तिला जोडून धरतं ते लिंग आणि वचन. ‘पाद्रे’ पुल्लिंगी म्हणून ‘मोर्तो’, ‘काझा’ स्त्रीलिंगी म्हणून ‘वेन्दुता’. खिडक्या बंद केल्या असत्या तर ‘किउझे ले फिनेस्त्रे’ झालं असतं, अनेकवचनी. मराठीला यात नवल वाटू नये. आपणही ‘दार लावलं’ आणि ‘खिडक्या लावल्या’ म्हणतो, म्हणजे क्रियापद कर्माच्या मागे जातं.

पण दोन्ही तुकडे दिसायला सारखे असले तरी आतून वेगळे आहेत. ‘मोर्तो’मध्ये मरणारा बापच. ‘वेन्दुता’मध्ये मात्र घर हे कर्म आहे आणि विकणारा सांगितलेलाच नाही. इटालियन वाचक तो मुख्य वाक्यातून घेतो: घर भावांनी विकलं. प्रत्येक क्रियापदाला अशी जागा मिळतही नाही. ‘पार्तितो जान्नी’ (जान्नी निघाल्यावर) चालतं, ‘तेलेफोनातो जान्नी’ (जान्नीने फोन केल्यावर) चालत नाही. येणं, निघणं, मरणं अशा, कर्त्याची अवस्था किंवा जागा बदलणाऱ्या अकर्मक क्रियापदांना ही मुभा आहे. फोन करणं, झोपणं, हसणं यांना नाही. अकर्मक क्रियापदांचे असे दोन गट पडतात हे ओळखायला भाषावैज्ञानिक हीच रचना कसोटी म्हणून वापरतात.

मराठीत आणताना पहिला मोह होतो तो ‘-ऊन’चा. ‘वडील मरून, घर विकून दोघे भाऊ तोरिनोला गेले.’ यातलं ‘घर विकून’ ठीक आहे, कारण विकणारे आणि जाणारे एकच. ‘वडील मरून’ म्हटलं की वडीलही मेल्यावर तोरिनोला निघाल्यासारखे वाटतात. ‘-ऊन’ला साधारणपणे दोन्हीकडे एकच कर्ता लागतो. ‘झाड पडून दोघे जखमी झाले’ यासारखी, आपोआप घडलेल्या कारणाची वाक्यं अपवाद. दुसरा मोह ‘असून’, ‘असता’, ‘नसल्याने’चा. व्याकरण त्याला हरकत घेणार नाही, पण तीन तुकड्यांना तीन ‘अस-’ लागले की कथा सरकारी परिपत्रकासारखी ऐकू येते.

त्यापेक्षा वाक्य मोडावं:

वडील गेले. दोघा भावांनी घर विकलं आणि तोरिनोची वाट धरली. गावात आता त्यांचं कोणी उरलं नव्हतं.

विकणारे भाऊ इथे उघड झाले, कारण मराठीत कर्ता गाळून ‘घर विकलं’ एवढंच लिहिलं असतं तर वडिलांनी मरण्याआधी ते विकलं की काय, अशी शंका आली असती. शेवटच्या वाक्यात ‘कारण’ घातलेलं नाही. जेरुंदिओ वेळ, कारण, रीत, अट यांतलं काहीही सुचवू शकतो आणि नेमकं काय ते वाचकावर सोडतो. मराठीतही वाक्यं नुसती शेजारी ठेवली की ती मोकळीक टिकते. ‘कारण’ लिहिलं की अनुवादकाने लेखकाच्या वतीने निकाल दिला. जेरुंदिओआधी ‘पुर’ असेल तेव्हा मात्र लेखकानेच ‘तरीही’ म्हटलेलं असतं. ते गाळू नये.

एक छोटं वाक्य अधिक फसवं आहे: ‘ओ इंकोन्त्रातो मार्को तोर्नान्दो आ काझा.’ ‘घरी परतताना मला मार्को भेटला’ हा अनुवाद अचूक वाटतो. पण परतत कोण होतं? आजच्या इटालियनच्या नियमाप्रमाणे ‘मी’, कारण जेरुंदिओचा कर्ता मुख्य वाक्याचाच धरायचा. मराठी ‘-ताना’ इतका कडक नाही. परतणारा मार्कोही असू शकतो. ‘मी घरी परतत होतो. वाटेत मार्को भेटला,’ असं लिहिलं की गोंधळ मिटतो. त्या बदल्यात ‘होतो’ की ‘होते’ हे ठरवावं लागतं. इटालियन वाक्यात बोलणारा पुरुष की स्त्री याचा पत्ताच नाही, तेव्हा मागची पानं चाळणं आलं.

हे तुकडे मुख्यतः लिखाणातले. बोलताना इटालियन माणूस बहुधा ‘जेव्हा’ किंवा ‘नंतर’ वापरून सरळ पोटवाक्य करतो. मात्र काही तुकडे घट्ट होऊन वाक्प्रचार बनले आहेत. ‘तुत्तो सोम्मातो’चा शब्दशः अर्थ ‘सगळं बेरीज केलेलं’. त्याचं वेगळं वाक्य करू नये. तिथे आपलं ‘एकूण पाहता’ पुरतं.