टंचाईतील मालवाटप (सातारा भागातील खवा व्यवसाय)

माल काही दिवस कमी पडणार असल्याचे नेहमीच्या गिऱ्हाइकांना आधी कळवून, जेवढा माल आहे तेवढा त्यांच्यात ठरावीक प्रमाणात वाटण्याची पद्धत. साताऱ्यात कंदी पेढ्यांच्या दुकानांना खवा पुरवणाऱ्या भट्टीवर ही वेळ उन्हाळ्यात येते. म्हशी बहुतांशी पावसाळ्यात आणि हिवाळ्यात वितात. एप्रिल-मेमध्ये त्यातल्या बऱ्याच आटलेल्या असतात, हिरवा चारा मिळत नाही, आणि लग्नसराईची मागणी नेमकी तेव्हाच असते. एक किलो खव्याला म्हशीचे साधारण पाच लिटर दूध लागते. त्यामुळे दूध ७५० लिटरवरून ५०० वर आले, की १५० किलोंचा खवा १०० किलोंवर येतो.

सूचना द्यायची ती दूध घटू लागताच, सगळ्यांना एकाच दिवशी. ‘माल जरा कमी आहे’ एवढ्याने दुकानदाराचे काही भागत नाही. ‘सोमवारपासून आठ दिवस तुम्हाला रोज ६० ऐवजी ४० किलो मिळेल, भाव तोच, उरलेले २० दुसरीकडून बघा, गुरुवारी पुन्हा फोन करतो’ असे सांगितले, तर तो लग्नाची नवी ऑर्डर घ्यायची की नाही हे ठरवू शकतो.

वाटपाचा खरा प्रश्न असतो तो कशाच्या प्रमाणात वाटायचे हा. समजा, चार दुकानांची गेल्या महिन्यातली रोजची सरासरी उचल ६०, ४५, ३० आणि १५ किलो आहे. शंभर किलो त्याच प्रमाणात वाटले, तर ४०, ३०, २० आणि १० येतात. पण टंचाईची कुणकुण लागताच पहिल्याने १०० किलो मागितले आणि भट्टीवाल्याने मागणी पाहून वाटले, तर एकूण मागणी १९० होते. पहिल्याला जवळजवळ ५३ किलो जातात, चौथ्याच्या वाट्याला आठही येत नाहीत. पुढच्या टंचाईत मग चौघेही मागणी फुगवतात आणि वहीतल्या आकड्याला अर्थ उरत नाही. म्हणून प्रत्यक्ष उचल धरावी, तीही सूचना देण्याआधीची. वहीत एखाद्याचा आकडा एका दिवसात दीडपट झालेला दिसला, तर तो साठ्यासाठी मागतो आहे असे समजावे.

हिशेबाचा हिस्सा जसाच्या तसा देऊन मात्र नेहमी चालत नाही. चौथ्याची कढई १५ किलोंची असेल, तर रोजचे १० किलो त्याच्या अडचणीचेच. त्याला दोन दिवसांत २० देण्यापेक्षा तीन दिवसांत दोनदा १५ द्यावेत. बेरीज तीसच राहते, कुणाचे कमी होत नाही. कुणी आपला हिस्सा सोडला, तर तो बाकीच्यांत त्याच प्रमाणात वाटावा.

या दिवसांत खव्यात पिष्ट मिसळून वजन वाढवण्याचा प्रकार घडतो. ती सरळ फसवणूक आहे. खवा पाण्यात उकळून, गार करून त्यात आयोडीनचे थेंब टाकले, की निळा रंग येऊन ती उघडी पडते.

दूध पूर्ववत झाले, की तेही सर्वांना त्याच दिवशी कळवतात. राहिलेले किलो मागाहून भरून देत नाहीत, कारण उन्हाळ्यात खवा शीतपेटीबाहेर दोन-तीन दिवसांत खराब होऊ लागतो आणि दुकानदाराला जादा आलेला खवा साठवून ठेवता येत नाही.