ही, च आणि की (मराठी लेखनातील अव्यये)

'ही' आणि 'च' ही मराठीतील जोर देणारी अव्यये आहेत. 'ही' समावेश दाखवते (तोही आला, म्हणजे इतरांसारखा तो सुद्धा), तर 'च' बाकीच्यांना वगळते किंवा निश्चय दाखवते (तोच आला, म्हणजे दुसरा कोणी नव्हे). दोन्ही मागच्या शब्दाला जोडून लिहायची असतात. 'की' हे उभयान्वयी अव्यय मात्र दोन वाक्यांच्या मध्ये उभे राहते आणि सुटेच लिहिले जाते. मोबाइलवरच्या लिखाणात नेमके उलटे घडताना दिसते. 'मी ही', 'आज च' असे तुकडे पडतात आणि 'की'चा 'कि' होतो.

'च' का जोडायचा, हे उच्चार ऐकला की कळते. 'मीच' म्हणताना दोन अक्षरे उच्चारली जात नाहीत. 'मी'च्या शेवटी 'चमचा'तला दंततालव्य च् चिकटतो आणि एकच अक्षर ऐकू येते. ज्याला स्वतःचा स्वरही उरलेला नाही, तो वेगळा शब्द म्हणून उभा राहू शकत नाही. महाराष्ट्री प्राकृतातील 'चिअ', 'च्चिअ' ही निश्चयार्थी अव्यये त्याची पूर्वरूपे मानली जातात. संतवाङ्मयात तो 'चि' होता (तुकारामांचे 'हेंचि दान देगा देवा'), पुढे त्यातला इकार गळाला. हाच 'च' दख्खनी उर्दूत आणि मुंबईच्या हिंदीतही गेला. 'ऐसाइच' मधला शेवटचा च् तो आहे.

शालेय व्याकरणात ही दोन्ही अव्यये शुद्ध शब्दयोगी अव्ययांत धरतात. 'शुद्ध' अशासाठी, की त्यांच्यामुळे मागच्या शब्दाचे सामान्यरूप होत नाही. 'मुलगा'ला 'साठी' लागला की 'मुलग्यासाठी' होते. 'ही' किंवा 'च' लागल्यावर 'मुलगाही', 'मुलगाच' असे मूळ रूपच राहते. त्यांची जागाही ठरलेली आहे. विभक्तिप्रत्यय आधी आणि ही अव्यये त्यानंतर: तुलाच, घरातही, रामानेच. प्रत्यय आणि शब्द यांच्या मध्ये ती शिरत नाहीत, 'तूचला' कोणी म्हणत नाही. मात्र 'साठी', 'मुळे' यांसारख्या शब्दयोगी अव्ययांच्या आधी त्यांना वाट मिळते. 'तुझ्यासाठीच' आणि 'तुझ्याचसाठी' ही दोन्ही रूपे चालतात, आणि दुसऱ्यात जोर 'तुझ्या'वर अधिक थेट पडतो. कोणत्याही रूपात 'च' मोकळा राहत नाही.

'ही'चा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण त्याच उच्चाराचे एक दर्शक सर्वनामही मराठीत आहे: 'ही मुलगी', 'ही मुले'. येथे जागा सोडणे हा केवळ शिस्तीचा भाग राहत नाही, त्याने अर्थ बदलतो. 'मुले ही देवाघरची फुले' हे वाक्य सगळ्यांच्या कानावर आहे. त्यातली 'ही' सर्वनाम आहे, ती 'मुले' या शब्दाकडे बोट दाखवते, म्हणून ती सुटी. तेच 'मुलेही देवाघरची फुले' असे लिहिले, तर आणखी कोणीतरी देवाघरची फुले आहे आणि मुले त्यांत जमा होतात.

शंका आली तर नाम बदलून पाहावे. 'मुले' काढून 'मुली' घातले तर पहिले वाक्य 'मुली या देवाघरच्या कळ्या' असे होते. 'ही' बदलून 'या' झाली, म्हणजे ते सर्वनाम होते. दुसऱ्या वाक्यात 'मुलीही' असेच राहते, कारण अव्यय लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही. 'कविता ही एक साधना आहे' यात 'कविता'ऐवजी 'नाटक' ठेवले की 'नाटक हे' होते, म्हणून 'ही' सुटी. 'त्याने कविताही लिहिली' यात 'नाटकही लिहिले' होते, म्हणून जोडलेली. गोंधळ होतो तो मुख्यतः स्त्रीलिंगी एकवचनी आणि नपुंसकलिंगी अनेकवचनी नामांपाशी, कारण सर्वनामाचे रूप 'ही' असते ते तेवढ्याच ठिकाणी. पुल्लिंगी नामानंतर 'ही' आली, तर ती जोडायचीच.

दोन्ही 'ही' एकापुढे एक आल्या की लिहिणारा बिचकतो, पण 'हीही मुलगी हुशार आहे' हे लेखन निर्दोष आहे. पहिली सर्वनाम, दुसरी अव्यय. 'दोन्ही', 'तिन्ही' या शब्दांत तर 'ही' संख्येत पूर्ण मुरलेली आहे; 'चारही', 'पाचही' येथे ती अजून ओळखू येते.

जोडून लिहिण्याचा एक व्यावहारिक लाभही आहे. ओळीच्या शेवटी शब्द संपला आणि 'च' सुटा असला, तर तो एकटा पुढच्या ओळीच्या आरंभी जाऊन बसतो. अवतरणातल्या शब्दालाही 'च' आणि 'ही' अवतरणचिन्हानंतर जागा न सोडता जोडतात: 'होय'च, 'नाही'ही.

'की' हे स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय आहे. बोलण्याचा मजकूर काय होता, ते पुढचे वाक्य सांगते. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांनुसार शब्दाच्या अंती येणारा इकार दीर्घ असतो आणि 'आणि', 'नि' हे अपवाद आहेत. 'की' अपवादांत नाही. पूर्वी तो 'कीं' असा लिहीत, नव्या नियमांनी अनुस्वार गेला. ऱ्हस्व 'कि' हिंदीच्या वळणाने येतो. हिंदीत 'कि' आणि 'की' हे वेगळे शब्द असल्याने तो भेद तिथे लागतो. मराठीत त्याचे काही काम नाही.

'की'नंतर मराठी बोलणाऱ्याचा काळ सहसा तसाच ठेवते. 'तो म्हणाला की आई आजारी आहे' हेच स्वाभाविक. येथे 'होती' लिहिले, तर आजारपण आधी येऊन गेल्यासारखे वाटते. पुरुषही बहुधा मूळचाच राहतो आणि तिथे खरी अडचण येते. 'तो म्हणाला की मी जायला हवं' यातला 'मी' कोण, तो की सांगणारा? 'की' ठेवून हे सुटत नाही. म्हणून जुनी, अस्सल मराठी रचना वापरावी: त्याचे शब्द असतील तर '"मी जायला हवं," असं तो म्हणाला', आणि सांगणाऱ्याला उद्देशून असतील तर 'तू जायला हवंस, असं तो मला म्हणाला'. 'असे' आणि 'म्हणून' यांनी मजकुराचा शेवट बंद होतो; 'की' फक्त आरंभ दाखवतो. लांब वाक्यात हा फरक फार जाणवतो. अवतरणचिन्हे दिली असतील, तर 'की' गाळलेला बरा, कारण एकाच कामाला दोन खुणा होतात. स्वल्पविराम कोणी 'की'च्या आधी देतात, कोणी नंतर. 'की' पुढच्या वाक्याचा असल्याने द्यायचाच तर तो आधी शोभतो.

आता एक वाक्य घेऊ: 'बाई म्हणाल्या कि ती ही आज च आली.' 'कि'चा 'की' होईल. 'ती ही' मध्ये 'ती'ऐवजी 'तो' घातले तर 'तोही आजच आला' होते, 'तो हा' होत नाही, म्हणून 'तीही'. 'च' तर जोडायचाच. शुद्ध वाक्य: 'बाई म्हणाल्या की तीही आजच आली.' 'ती ही' तसेच ठेवले असते, तर 'ती म्हणजे ही, जी आज आली' असा वेगळाच अर्थ वाचणाऱ्याच्या मनात डोकावला असता.

'ये की!', 'हो की!' यांतला 'की' दोन वाक्ये जोडत नाही. बोलताना तो मागच्या शब्दाला जवळजवळ चिकटतो, तरी लेखनात सुटाच राहतो, जसा 'ये ना' मधला 'ना'.